अचूकता ९१ टक्के, तरी डाव हातचा गेला: इंजिनच्या आकड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये बुद्धिबळाचा फिडे विश्वचषक गोव्यात झाला. २०६ खेळाडू, बाद पद्धत, आणि शेवटी उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव विजेता. त्या महिन्यात घरोघरी थेट प्रक्षेपण चालू होतं आणि पटाच्या कडेला वरखाली होणारी काळी-पांढरी पट्टी सगळ्यांनीच पाहिली. तेव्हापासून फोंड्यातल्या माझ्या रविवारच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डावांपेक्षा आकड्यांचे स्क्रीनशॉट जास्त येतात. 'सर, ६२ आला, वाईट का?' असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. तीच ती उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे.

१. सेंटीपॉन म्हणजे नेमकं काय?

प्याद्याचा शंभरावा भाग. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, पटावरची स्थिती पाहून एक आकडा देतं. +१.०० म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याइतका पुढे, म्हणजेच १०० सेंटीपॉन. −२.५० म्हणजे काळा अडीच प्याद्यांनी पुढे. चाल कोणाचीही असो, अधिक चिन्ह पांढऱ्याच्या बाजूचं आणि उणे काळ्याच्या.

हा आकडा फक्त सोंगट्या मोजून येत नाही. राजा उघडा आहे का, घोडा कोपऱ्यात अडकलाय का, प्यादं वजीर व्हायला किती घरं उरलीत, हे सगळं त्यात असतं. म्हणून दोघांकडे सारख्याच सोंगट्या असूनही आकडा +३ असू शकतो.

२. सरासरी सेंटीपॉन लॉस कसा काढतात?

प्रत्येक चालीला इंजिन विचारतं, इथली उत्तम चाल खेळली असती तर आकडा काय राहिला असता, आणि खेळलेल्या चालीनंतर तो काय झाला? दोघांतला फरक हे त्या चालीचं नुकसान. उत्तम चालच खेळली असेल तर नुकसान शून्य. तुमच्या सगळ्या चालींचं नुकसान बेरजेत घ्यायचं आणि तुमच्या चालींच्या संख्येने भागायचं. प्रतिस्पर्ध्याच्या चाली यात येत नाहीत, त्याचा हिशेब वेगळा होतो.

दोन बारकावे मात्र लक्षात ठेवा. नुकसान कधी उणे धरत नाहीत, कारण उत्तमपेक्षा उत्तम चाल नसते. कधी खेळलेल्या चालीनंतर आकडा सुधारलेला दिसतो, पण त्याचा अर्थ इंजिनला एक चाल पुढे गेल्यावर जास्त दिसलं एवढाच, आणि ते शून्य धरलं जातं. दुसरं, आकड्याला कमाल मर्यादा असते. लीचेस या साइटवर ती दोन्ही बाजूंना १००० सेंटीपॉन आहे आणि मातसुद्धा तेवढीच धरतात. मर्यादा नसती तर एक हुकलेली मात सगळी सरासरी गिळून बसली असती.

३. माझ्या मुलाचा ६२ आला. म्हणजे तो दर चालीला अर्ध्या प्याद्याहून जास्त घालवतो का?

नाही. या पानावरचं हेच उत्तर सगळ्यांत नीट वाचा. आपल्या वर्गातल्याच एका मुलाचा रॅपिड डाव घेऊ. तो पांढऱ्याने खेळत होता, ३४ चाली झाल्या, बरोबरी झाली आणि सरासरी नुकसान बरोबर ६२ आलं. म्हणजे एकूण ६२ गुणिले ३४, २१०८ सेंटीपॉन.

हे २१०८ कुठे गेले ते एकेका चालीवर जाऊन पाहिलं. १९व्या चालीला त्याने मधलं प्यादं ढकललं आणि मागे ठेवलेला घोडा उघडा पडला. आकडा +०.४० वरून −२.१० वर आला, नुकसान २५०. पुढे २५व्या चालीला काळ्याने घोड्याच्या फोर्कमध्ये वजीर घालवला आणि पोराला वाटलं डाव संपला. २७व्या चालीला त्याने निष्काळजीपणे उंट पिनमध्ये जाऊ दिला. +८.८० वरून +४.५०, नुकसान ४३०. मग ३०व्या चालीला चार चालींत मात होती. ती सोडून त्याने वजिराने एक हत्ती मारला, आणि त्याच चालीने काळ्याला सततच्या शहाची वाट मोकळी झाली. मात म्हणजे १०००, बरोबरी म्हणजे ०, नुकसान पूर्ण १०००. पुढच्या चार चाली त्याचा राजा दोन घरांत ये-जा करत राहिला आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यावर डाव थांबला.

२५०, ४३० आणि १००० मिळून १६८० झाले. उरलेल्या ३१ चालींत मिळून फक्त ४२८ गेले, म्हणजे चालीमागे १४ सुद्धा नाही. त्या ३१ चाली या वयाला फार चांगल्या होत्या. '६२ चा खेळाडू' असा त्या डावात कोणी नव्हताच. चालीमागे १४ घालवणारा एक मुलगा होता आणि त्याची तीन वाईट मिनिटं होती.

आता दुसरी एक मुलगी धरा. तिचाही आकडा ६२ आहे, पण ती जवळजवळ प्रत्येक चालीला ५० ते ७० घालवते, मोठी चूक एकही नाही. तिच्या सोंगट्या चुकीच्या घरी बसतात, हत्ती उघड्या पट्टीवर येत नाही, प्याद्यांची रचना बिघडते. पहिल्याला हवं ते हात पटावर नेण्याआधी 'समोरचा काय करील?' असं विचारण्याची सवय आणि रोज थोडे मातेचे सराव. हिला हवेत समजावून घेतलेले जुने डाव. सरासरी एकच, औषध अगदी वेगळं. म्हणून स्क्रीनशॉट पाठवताना नुसता आकडा नको, चालींचा आलेख पाठवा. त्यात तीन खोल खड्डे आहेत की सगळीकडे उतार आहे, हे पाहिल्यावरच मला काही सांगता येतं.

४. मग अचूकतेची टक्केवारी वेगळी कशी? दोन्ही चुकाच मोजतात ना?

दोन्ही चुका मोजतात, पण अचूकता त्यांना प्याद्यांत न मोजता जिंकण्याच्या शक्यतेत मोजते. आकडा +९ वरून +६ वर आला तर ३०० सेंटीपॉन गेले, पण डाव तसाही तुमचाच आहे. बरोबरीच्या स्थितीतून −३ वर आलात तरी ३००च गेले, पण तिथे डाव जवळपास गेला. सेंटीपॉनच्या हिशेबात दोन्ही सारखे, माणसाच्या हिशेबात नाहीत.

लीचेसचं सूत्र उघडं आहे, ते असं:

```
Win% = 50 + 50 * (2 / (1 + exp(-0.00368208 * centipawns)) - 1)
Accuracy% = 103.1668 * exp(-0.04354 * (winBefore - winAfter)) - 3.1669
```

पहिली ओळ सेंटीपॉनचं रूपांतर जिंकण्याच्या टक्क्यांत करते, दुसरी त्या टक्क्यांची घसरण पाहून चालीला गुण देते. वरची उदाहरणं यात घातली तर +९ वरून +६ म्हणजे ९६.५ टक्क्यांवरून ९०.१ वर, आणि चालीला ७५ गुण. शून्यावरून −३ म्हणजे ५० वरून २४.९ वर, आणि चालीला ३१ गुण.

प्रश्न ३ मधल्या डावाला हेच लावा. २७व्या चालीला ४३० गेले, १९व्याला फक्त २५०. पण उंट गेल्याने जिंकण्याची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी घटली, प्यादं ढकलल्याने २२ टक्क्यांनी. या दोन्हींत खरी महाग चाल १९वी होती आणि सेंटीपॉन तिला स्वस्त दाखवत होते. मुलाला मात्र विचारलं तर तो अजून उंटाचंच दुःख करतो.

५. सगळ्या चालींच्या गुणांची सरासरी काढली तर ८९ येते, साइट कमी का दाखवते?

कारण तिथे सरळ सरासरी नाही. त्याच डावात ३१ चालींना सरासरी ९४ गुण धरले आणि तीन चुकांना ३६, ५७ आणि १०, तर सरळ सरासरी ८९ येते. मात सोडल्याची ती चाल ३४ मध्ये बुडून जाते. लीचेस म्हणून दोन वेगळ्या सरासऱ्या काढून त्यांचा मध्य घेतं. एक हरात्मक मध्य, ज्यात फार कमी गुणांची एक चालसुद्धा सगळ्यांना खाली ओढते. आपल्या डावात तो सुमारे ७२ येतो. दुसरी सरासरी भारित असते. ज्या टप्प्यात पट जास्त हलत होता, तिथल्या चालींना त्यात जास्त वजन मिळतं.

६. ब्लंडर, मिस्टेक हे कोण ठरवतं?

तेही जिंकण्याच्या शक्यतेवरच. लीचेसवर शक्यता ५ टक्क्यांनी पडली की `?!` म्हणजे किरकोळ चूक, १० ने पडली की `?` म्हणजे मिस्टेक, १५ ने पडली की `??` म्हणजे ब्लंडर. मातेसाठी वेगळे नियम आहेत. म्हणून आपल्या डावातला ४३० वाला उंट `?` वर सुटला आणि २५० वाल्या प्याद्याला `??` मिळाला. चेस डॉट कॉमच्या पायऱ्या वेगळ्या आहेत, तिथे २० टक्क्यांच्या पुढे ब्लंडर. मराठीत आपण घोडचूक म्हणतो, पण एका छोटीने मला ठणकावून सांगितलं की तिची चूक उंटाची होती.

७. हरलेल्या डावात ९१ आणि जिंकलेल्या डावात ७३, हे कसं?

तुम्ही हरलात म्हणजे वाईट खेळलात असं नव्हे, एवढंच त्यातून कळतं. ४० चालींतल्या ३९ चांगल्या आणि एका चालीला वजीर दिला तर टक्केवारी मान टाकत नाही, डाव मात्र जातो. त्यात आणखी एक गंमत आहे. वजीर गेल्यानंतरच्या चालींत गमवायला काही उरतच नाही. −९ वरून −१० वर जाण्याने शक्यता एका टक्क्याने पडते, त्यामुळे हरणाऱ्याच्या शेवटच्या पंधरा चाली आपोआप चांगल्या दिसतात. लवकर राजीनामा दिला असता तर टक्केवारी कमी आली असती, हे ऐकून पालकांना धक्का बसतो.

याच्या उलट ७३ ने जिंकलेल्या डावात दोघांनी आळीपाळीने चुका केल्या आणि शेवटची चूक समोरच्याची होती.

८. छोट्या बरोबरीत ९९ टक्के आले. मोठी प्रगती का?

नाही. बर्लिन बचावात एक प्रसिद्ध ओळ आहे. त्यात पांढरा वजीर e4 आणि d4 या घरांत येत-जात राहतो आणि १४ चालींत तिसऱ्यांदा तीच स्थिती येऊन बरोबरी होते. ती पाठ असेल तर कोणालाही जगज्जेत्यासारखी अचूकता मिळेल. पाठ केलेल्या सुरुवातीच्या चाली आणि जिथे एकच कायदेशीर चाल आहे अशा सक्तीच्या चाली, दोन्ही आकडा फुगवतात.

प्रश्न ३ मधल्या डावातून पहिल्या ८ पाठ चाली (त्यांत मिळून ४० गेले होते) आणि शेवटच्या ४ राजाच्या चाली काढून टाका. उरल्या २२, त्यांचं नुकसान २०६८, सरासरी ९४. म्हणजे जिथे मुलाने खरंच स्वतःच्या डोक्याने विचार केला, तिथली सरासरी ६२ नव्हे, ९४ आहे. मी वर्गाच्या वहीत हाच दुसरा आकडा लिहितो.

९. तोच डाव, दोन साइट, तीन आकडे. खरा कुठला?

तिन्ही आपापल्या मोजपट्टीवर खरे. चेस डॉट कॉमचं सूत्र लीचेसपेक्षा वेगळं आहे, म्हणून दोघांची टक्केवारी शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. एकाच साइटवरही फोनने थोडा वेळ विश्लेषण केलं आणि सर्व्हरने खोलवर केलं तर आकडे हलतात. उथळ विश्लेषणाला एखादा बलिदानाचा डावपेच दिसतच नाही आणि तुमची सुंदर चाल चूक ठरते.

जुन्या फाइली असतील तर आणखी एक गोष्ट बघा. स्टॉकफिश या इंजिनाच्या डिसेंबर २०२२ मधल्या १५.१ आवृत्तीपासून +१.०० चा अर्थच बदलला. तो आता प्याद्याला बांधलेला नाही, तर इंजिन स्वतःशी खेळताना जिंकण्याची शक्यता ५० टक्के असेल अशा स्थितीला +१.०० म्हणतात. त्याआधीच्या आवृत्तीने काढलेला तुमचा सरासरी लॉस आणि आजचा लॉस यांची तुलना करून 'सुधारला' म्हणू नका. तुलना करायची तर जुने डाव आजच्या इंजिनातून पुन्हा काढा.

१०. कितीपर्यंत चांगला म्हणायचा? या आकड्यावरून रेटिंग कळतं का?

एका डावावरून नाही. वेळ किती होता, समोर कोण होता, डाव शांत होता की पेटलेला, यावर आकडा दुप्पट-तिप्पट बदलतो. सुरुवातीलाच सोंगट्यांची अदलाबदल होऊन सपाट झालेल्या डावात नवशिकाही १५ आणतो, आणि दोन ग्रँडमास्टर धारदार स्थितीत भिडले की ४० सहज होतो. स्वतःच्याच सारख्या वेळेच्या वीस-पंचवीस डावांची तुलना करा, एवढाच सल्ला. शेजारच्याच्या पोराशी नको.

११. कमी लॉस म्हणजे श्रेष्ठ खेळाडू, असं कोणी सिद्ध केलंय का?

प्रयत्न झाला आहे. २००६ मध्ये स्लोव्हेनियातल्या मातेय गुइद आणि इवान ब्राट्को यांनी स्टाइनिट्झपासून क्रॅमनिकपर्यंतच्या जगज्जेत्यांच्या चाली क्राफ्टी नावाच्या इंजिनाने तपासल्या. सगळ्यांत कमी चुका निघाल्या कापाब्लांकाच्या. त्यांनी दोन काळज्या घेतल्या होत्या आणि त्या आपल्याही उपयोगाच्या आहेत. मोजणी १२व्या चालीपासून केली, म्हणजे पाठ केलेली सुरुवात गळली. आणि उत्तम चाल व खेळलेली चाल, दोन्हींनंतर आकडा दोन प्याद्यांच्या पलीकडे असेल तर ती स्थिती सोडून दिली, कारण तिथे माणूस अचूकतेसाठी खेळत नाही, सोपा मार्ग शोधतो.

त्यांनीच स्थिती किती अवघड होती हेही मोजलं. कापाब्लांकाच्या वाट्याला तुलनेने सोप्या स्थिती आल्या होत्या, कारण तो डाव तसाच वळवायचा. दुसरा जगज्जेता मिखाइल ताल कायम आग लावून त्यात उतरायचा, म्हणून त्याच्या चुका जास्त. मग मोठा कोण, हे आकड्याने ठरत नाही. शिवाय त्या वेळचं क्राफ्टी खुद्द जगज्जेत्यांपेक्षा कमकुवत आहे, असा आक्षेप आला आणि तो निराधार नव्हता.

१२. इंजिन ज्या चालीला चूक म्हणतं तीच तुम्ही वर्गात वाखाणली. का?

असं होतं, आणि मी माघार घेत नाही. हरत असलेल्या स्थितीत, समजा −४ वर, दोन चाली आहेत. एक −४ वरच ठेवते, पण पुढचा मार्ग समोरच्याला डोळे मिटून सापडेल. दुसरी −५.५ वर नेते, पण तिला एकच अचूक उत्तर आहे आणि ते शोधायला समोरच्याकडे दोन मिनिटं उरलीत. मी दुसरी खेळतो. इंजिन १५० सेंटीपॉन कापतं, कारण ते समोर स्वतःसारखाच खेळाडू धरून चालतं. म्हापशाच्या स्पर्धेत समोर घाम पुसणारा नववीतला मुलगा असतो.

याची उलटी बाजूही आहे. +६ वर असताना वजिरांची अदलाबदल करून +४ च्या साध्या अंतिम डावात जाणं हे कित्येकदा शहाणपणाचं असतं. सेंटीपॉन २०० जातात, शक्यता सुमारे ९ टक्के पडते, पडद्यावर `?!` येतो. ज्याला तो साधा डाव झोपेतही जिंकता येतो, त्याने त्या चिन्हाकडे बघू नये.

१३. मुलीला ९७ टक्के आले आणि समोरच्याने चीटिंगचा आरोप केला. काय करू?

आधी डाव किती चालींचा होता ते बघा आणि प्रश्न ८ वाचा. समोरच्याने १२व्या चालीला वजीर दिला असेल तर पुढे ९७ आणणं अवघड नाही, कारण प्रत्येक चांगली चाल समोरच दिसत असते. एका डावाच्या टक्केवारीवरून फसवणूक ठरत नाही.

ज्यांचं हे काम आहे ते पूर्ण वेगळं मोजतात. अमेरिकेतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक केनेथ रीगन यांची पद्धत माहीत असलेली बरी. या रेटिंगच्या खेळाडूने अशाच स्थितींत इंजिनची पहिली पसंती साधारण किती वेळा खेळायला हवी, याचा अंदाज ते आधी काढतात. मग अनेक डावांत मिळून प्रत्यक्ष प्रमाण त्याच्या किती वर गेलं हे पाहतात. सक्तीच्या आणि सरळ चालींना त्यात वजन नसतंच, कारण त्या सगळेच खेळतात. त्यामुळे तुमच्या मुलीचा डाव तिथे गेला तर १२व्या चालीनंतरच्या बऱ्याचशा चाली मोजणीत जवळपास शून्यच धरल्या जातील.

पंचांकडे लेखी तक्रार झाली असेल तर स्कोअरशीट जपून ठेवा, प्रत्येक चालीला लागलेला वेळ लिहिलेला असेल तर तोही. अवघड चालीला आठ मिनिटं आणि सोप्याला पाच सेकंद, असा वेळ टक्केवारीपेक्षा जास्त बोलका असतो.